आपोआप बनलेल्या स्लाइड तपासताना: लोणारचा एक नमुना

शैक्षणिक सादरीकरणं तपासायच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी एक नमुना देतो. नुसता 'लोणार सरोवर' असा विषय टाकून एआयकडून बारा स्लाइडचा मसुदा आला होता. दिसायला झकास, आणि तीच अडचण. रंग-फाँटला हात लावायच्या आधी मजकुरातली विधानं तपासा, नाहीतर सजवलेली स्लाइड शेवटी काढून टाकावी लागते.

मसुद्यात होतं, 'लोणार हे युनेस्को जागतिक वारसा स्थळ आहे.' तसं ते नाही. 2020 मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. असे दर्जे त्या-त्या संस्थेच्या अधिकृत यादीतच बघायचे. दुसरं विधान, 'जगातलं बेसॉल्टमधलं एकमेव विवर'. ब्राझीलमध्येही बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेली आघात-विवरं आहेत. 'एकमेव', 'सर्वात मोठं' हे शब्द दिसले की मी थांबतोच. वयाचं प्रकरण जरा नाजूक. '52,000 वर्षं' हा आकडा अगदीच हवेतला नाही, जुन्या अभ्यासांत तो सापडतो. पण नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीतून सुमारे 5,70,000 वर्षं निघाली. इथे एक आकडा खोडून दुसरा ठोकून देण्यापेक्षा दोन्ही आकडे पद्धतीसह लिहिले.

गुळगुळीत मजकुराला माझी चाचणी साधी आहे. 'निसर्गाचा अद्भुत आविष्कार असलेलं हे स्थळ पर्यटकांना भुरळ घालतं.' यात लोणारऐवजी महाबळेश्वर टाकलं तरी वाक्य चालतं, म्हणजे ते उडवायचं. त्या जागी आलं: 'विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, आघाताचा पुरावा म्हणजे खडकात सापडलेली मास्केलिनाइट ही काच.' 'महत्त्व' या शीर्षकाच्या जागी 'हे विवर ज्वालामुखीचं नाही, हे कशावरून?' असं लिहिलं.

मग मांडणी. स्लाइड सॉर्टरमध्ये सगळ्या एकत्र पाहिल्या तर बहुतेकांवर तेच तीन चौकोन, वर आयकॉन. नुसतं कंटाळवाणं दिसतं एवढ्यावर हे थांबत नाही. सांगण्यासारखे मुद्दे दोनच असले तरी तिसरा चौकोन भरावा लागतो आणि भरताड तिथेच शिरतं. युनेस्कोही अशाच तिसऱ्या चौकोनात बसलं होतं. आघाताच्या स्लाइडवर विवराचा उभा छेद काढला, दैत्यसूदन आणि इतर मंदिरांसाठी नकाशा घेतला. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं त्यासाठी आधीचा-नंतरचा असे दोन फोटो पुरले. खाली कारण मात्र बदललं: मसुद्यात नुसतं 'शेवाळ' होतं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हॅलोआर्किया हे खारप्रेमी सूक्ष्मजीव आढळले होते.

स्लाइडखालच्या स्पीकर नोट्स वेगळ्या उघडून वाचा. वर दुरुस्ती झाली तरी खाली जुनं वाक्य तसंच राहतं, आणि वर्गात शिक्षक वाचून दाखवतात ते खालचंच.