रिंगणाचे फोटो टाकताय? कॅप्शनच्या या चुका टाळा

वारीच्या दिवसात रिंगणाचे फोटो खंडीभर येतात, आणि खाली काय लिहिलेलं असतं तर 'रिंगणात धावणारे अश्व'. अहो ते दिसतंयच की! फोटोत जे दिसतंय तेच परत लिहिलं की वाचणारा पुढे सरकतो, ही पहिली चूक.

पण खरी गडबड त्याआधी होते, फोटो निवडताना. आपण सगळ्यात देखणा फोटो घेतो, म्हणजे बहुतेकदा ड्रोनचा, वरून सगळं गोल दिसणारा. मस्तच असतो तो, पण त्यात घोडे मुंगीएवढे, मग शब्दांना धरायला जागाच उरत नाही.

आता हे बघा. माऊलींच्या पालखीत दोन अश्व असतात, एकावर पताका घेतलेला स्वार आणि दुसऱ्यावर कोणीच नाही, कारण त्यावर स्वतः माऊली बसलेत अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ही गोष्ट कुठलाच कॅमेरा दाखवू शकत नाही, ती शब्दांनीच सांगायची. मग फोटो कुठला घ्यायचा? ज्यात दोन्ही घोडे एकाच फ्रेममध्ये आहेत आणि रिकामी पाठ स्पष्ट दिसतेय तो, भले मागची गर्दी थोडी कापली गेली तरी चालेल. खाली एवढंच: 'याच्यावर स्वार नसतो. माऊली बसलेत.' वाचणारा परत वर जाऊन घोड्याकडे बघतो, आणि तेच तर हवंय ना.

नुसता स्वार नसलेल्या घोड्याचा क्लोजअप घेतला तर एवढा परिणाम होत नाही, कारण शेजारी स्वार दिसल्याशिवाय इथे कोणीतरी नाहीये हे डोळ्यात भरतच नाही.

असंच घोडे गेल्यानंतरचं. शेकडो माणसं एकदम जमिनीकडे वाकलेली, घोडा फ्रेममध्ये नाहीच, असा फोटो लोक डिलीट करतात, पण माझ्या मते तो ठेवायलाच हवा! कारण बघणाऱ्याला प्रश्न पडतो की वाकलेत कशाला, आणि कॅप्शन सांगतं, 'टापांखालची माती कपाळाला लावायला.'

दुसरी चूक म्हणजे 'भक्तीचा महासागर' छाप ओळी. तेच कॅप्शन उचलून दिवे घाटातल्या किंवा पंढरपूरच्या फोटोखाली ठेवून बघा, तिथेही चपखल बसलं तर ते या फोटोचं नाहीच. आणि उलटं, फोटो न दाखवता नुसतं कॅप्शन कोणाला तरी वाचून दाखवा, त्यावरून आख्खा फोटो डोळ्यासमोर आला तर शब्द नुसते वर्णन करतायत, थोडं अर्धवट वाटलं तर जोडी जमली.

एक मात्र सांभाळा, शब्दांनी भर घालायची म्हणून काहीही घालू नका. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, वारकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगेत आणि घोडे मधून, त्यामुळे गोल रिंगणाच्या फोटोखाली ते ठिकाण लिहिलंत तर पहिलाच वारकरी कमेंटमध्ये पकडेल. आणि एखाद्या आजींच्या चेहऱ्याखाली त्यांच्या मनातलं लिहायचं असेल तर आधी त्यांच्याशी बोला, नाहीतर तो फोटो राहू दे.