नकाशाचा स्क्रीनशॉट उडाला आणि रस्ता शब्दात सांगायचाय? मग या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात माझे काका नागपूरहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला यायचे होते, सकाळी सीएसएमटीला उतरून चालत गेटवेला जायचं असं त्यांनी ठरवलेलं. माझ्याकडे त्या रस्त्याचा एक मस्त स्क्रीनशॉट होता, मित्राने त्यावर बोटाने लाल रेघ मारून दिलेली, डी. एन. रोडच्या कमानींखालून कसं जायचं म्हणजे पाऊस लागणार नाही वगैरे. फोन रीसेट केला तेव्हा तो गेला. डिलीट केलेल्या फोटोंचा बिन बघितला तर तोही रिकामा, आणि मित्राने स्वतःकडचा कधीच उडवलेला. तसंही काकांकडे साधा बटणांचा फोन, म्हणजे फोटो असता तरी पाठवता आला नसता. शेवटी मी आठवून आठवून हा मेसेज टाईप केला आणि काकांनी तो डायरीत उतरवून घेतला:

"स्टेशनमधून बाहेर या, डावीकडे वळून खाली सरळ जा, काळ्या घोड्यानंतर उजवीकडे, घोड्याचा पुतळा दिसला की पोचलात. १२ मिनिटं."

वाचायला सोपा वाटतो ना? पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि काका त्या दिवशी खरंच भरकटले. म्हणून हाच मेसेज उलगडून सांगतो, कारण हरवलेल्या नकाशावरून रस्ता लिहिताना सगळे याच चुका करतात.

चित्र सांगितलं, रस्ता नाही

सगळ्यात मोठी चूक ही. स्क्रीनशॉट गेला तरी डोळ्यासमोर त्याचं चित्र राहतं, आणि आपण रस्ता सांगतोय असं समजून ते चित्रच सांगत बसतो. नकाशात साधारण उत्तर वर असते, सीएसएमटी वर आणि गेटवे खाली, आणि रस्त्याचं शेवटचं वळण उजवीकडे. म्हणून माझ्या डोक्यात "खाली जा मग उजवीकडे" असंच बसलेलं. पण चालणारा माणूस दक्षिणेकडे तोंड करून चालतोय ना, त्याच्यासाठी नकाशातली उजवी म्हणजे पूर्व ही त्याच्या डाव्या हाताला येते! म्हणजे मी लिहिलेलं "उजवीकडे" हे प्रत्यक्षात "डावीकडे" हवं होतं. रीगल सिनेमाच्या चौकात उजवीकडे वळलं तर मादाम कामा रोडने माणूस मंत्रालयाकडे जातो, समुद्र तिकडेही आहे पण गेटवे नाही.

रस्ता उत्तरेकडे जात असेल तर ही चूक कळतच नाही, कारण तेव्हा चित्रातली उजवी आणि चालणाऱ्याची उजवी एकच असते. गडबड होते ती रस्ता नकाशात खाली येत असताना. यावर उपाय म्हणजे डोळे मिटायचे, आठवणीतलं चित्र असं फिरवायचं की सुरुवातीची जागा आपल्या पोटाशी येईल आणि जायची जागा समोर, आणि मगच डावं-उजवं लिहायचं. जमत नसेल तर कागदावर दोन रेघा काढा आणि कागद हाताने फिरवा, अजिबात लाजू नका. आणि "वर", "खाली" हे शब्द मेसेजमध्ये आले की थांबायचं, कारण सपाट रस्त्यावर चालणाऱ्याला वर-खाली असं काही नसतं, ते फक्त स्क्रीनवर असतं.

कुठे तोंड करून उभं राहायचं ते लिहिलंच नाही

"स्टेशनमधून बाहेर या, डावीकडे वळा" हे वाक्य मी माझ्या सवयीने लिहिलं, मी लोकलवाला, नेहमी पश्चिमेला डी. एन. रोडकडे बाहेर पडणारा. काका मेलगाडीने आले आणि गर्दीबरोबर अठरा नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूने पी. डिमेलो रोडला बाहेर पडले. ती स्टेशनची पूर्वेकडची बाजू. तिथून डावीकडे वळलं की माणूस उत्तरेला, मस्जिद बंदरकडे चालायला लागतो, म्हणजे गेटवेच्या बरोब्बर उलटा! दहा मिनिटांनी फोन आला, "अरे बाप्पा, इथं तर नुसते ट्रक आणि टॅक्स्या दिसून राहिल्या, कमानी कुठं हायेत तुझ्या?"

तेव्हा लक्षात आलं की "डावीकडे" हा शब्द एकटा काहीच कामाचा नाही. पाठ कशाला, समोर काय, हे आधी यायला पाहिजे. नंतर मी असं लिहिलं: "पाठ स्टेशनच्या जुन्या घुमटवाल्या इमारतीला करा, रस्त्यापलीकडे महानगरपालिकेची दगडी इमारत दिसली पाहिजे, ती दिसत असेल तरच डावीकडे वळा." सीएसएमटीचा सबवे वापरणाऱ्यांना तर हे सांगायलाच हवं, खाली उतरलं की दिशा विसरायला होते आणि भलत्याच जिन्याने वर येतो आपण. वर आल्यावर आधी त्या दोन इमारती शोधायच्या, मग पाय उचलायचा.

खूण अशी दिली जी दोनदा येते, किंवा दिसतच नाही

"घोड्याचा पुतळा दिसला की पोचलात" असं लिहिताना माझ्या डोक्यात गेटवेजवळचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा होता. पण त्याच्या आधी वाटेत काळा घोडा लागतो आणि तिथेही घोड्याचा पुतळा आहेच, फक्त त्यावर स्वार नाही. बरं, हा घोडा २०१७ मध्ये बसवलेला. मूळचा एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला, तो आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. म्हणजे मधली पन्नासेक वर्षं काळा घोडा नावाच्या जागी घोडाच नव्हता, आणि काकांसारखा पूर्वी मुंबई बघून गेलेला माणूस तिथे घोडा शोधतच नाही, नाव फक्त नाव आहे असं धरून चालतो. मग अचानक घोडा दिसला की त्याला वाटणार पोचलो.

मुंबईत अशा खुणा पावलोपावली. धोबी तलावाला तलाव नाही, चर्चगेटला गेट नाही. नकाशावर मात्र ही नावं ठळक अक्षरात असतात आणि स्क्रीनशॉटमधलं तेवढंच आपल्याला आठवतं. म्हणून खूण लिहिताना विचारायचं की हे नाव आहे का डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे? काळा घोडा लिहायचंच असेल तर सोबत जहांगीर आर्ट गॅलरी लिहा, ती डाव्या हाताला आहे, आणि उजव्या हाताला एल्फिन्स्टन कॉलेजची जुनी दगडी इमारत. दोन्ही बाजूंना एकेक खूण असली की माणसाला खात्री पटते.

जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं देणंही मला गरजेचं वाटतं. नकाशात हुतात्मा चौक, पण रस्त्यावर विचारलं तर कोणी फ्लोरा फाउंटन म्हणेल, आणि काकांच्या वयाचा माणूस अजून सीएसएमटीला व्हीटीच म्हणतो.

मिनिटं आठवली, पण कशाची ते नाही

ते "१२ मिनिटं" गाडीचे होते. स्क्रीनशॉटमध्ये रेघ सलग निळी होती हे मला नंतर आठवलं, आणि गूगल मॅप्समध्ये चालायचा रस्ता ठिपक्यांनी दाखवतात, म्हणजे मित्राने गाडीच्या रस्त्यावरच लाल रेघ मारलेली. चालत हे अंतर साधारण अडीच किलोमीटर आहे, साठी ओलांडलेल्या माणसाला पाऊण तास धरायला हवा. काकांना योग्य बाजूला आणल्यावरसुद्धा बारा मिनिटं झाली तेव्हा ते हुतात्मा चौकाच्या अलीकडेच होते आणि आपण परत चुकलो असं समजून त्यांनी मला पुन्हा फोन केला. त्यापेक्षा मिनिटं लिहूच नका, किंवा टप्प्याटप्प्याने लिहा, फाउंटनपर्यंत वीसेक मिनिटं, तिथून रीगलपर्यंत अजून तेवढीच असं.

चुकलं तर कसं कळेल ते कुठेच नव्हतं

नकाशा हातात असला की निळा ठिपका रेघेवरून सरकला तर आपल्याला लगेच दिसतं. शब्दांमध्ये ते दिसत नाही, ते आपणच घालायला लागतं. प्रत्येक वळणाला भलतीकडे गेलं तर काय दिसेल हे लिहायचं. हुतात्मा चौकात पाचेक रस्ते फुटतात, तिथे हे फार उपयोगी पडतं. उजवीकडे गेलात तर समोर चर्चगेट स्टेशन येईल, डावीकडे गेलात तर हॉर्निमन सर्कलची गोल बाग. दोन्ही नकोत, मागे फिरा.

आणि एक शेवटची सवय, जे आठवत नाही तिथे नवीन नकाशा बघून ठोकून द्यायचं. नवीन नकाशा जरूर उघडा, खुणांचा क्रम तपासायला तो चांगलाच आहे, पण जुन्या स्क्रीनशॉटमध्ये मित्राने जे हाताने काढलं होतं ते त्यात नाही. लाल रेघ कुठल्या बाजूच्या कमानींखालून होती हे मला खरंच नक्की आठवत नव्हतं. मग मी तसंच लिहिलं. जे पक्कं ते साधं लिहायचं आणि जे अंदाजाने ते "बहुतेक" लावून, म्हणजे तिथे माणूस स्वतः बघून ठरवतो आणि आपल्या शब्दाला चिकटून बसत नाही.

तर दुसऱ्यांदा लिहिलेला मेसेज हा, फोनवर एकेक ओळ वाचून दाखवली आणि काकांनी डायरीत जुन्या मजकुरावर काट मारून लिहून घेतली:

"पाठ व्हीटीच्या जुन्या इमारतीला, पलीकडे महापालिका दिसली पाहिजे. डावीकडे वळा. डी. एन. रोडने सरळ, कमानींखालून, बहुतेक रस्ता ओलांडावा लागेल, कोरडी बाजू बघा. वीस मिनिटांत फ्लोरा फाउंटन म्हणजे हुतात्मा चौक, मशाल धरलेले दोन पुतळे. वळू नका, सरळच. उजव्या हाताला विद्यापीठ. मग डावीकडे जहांगीर गॅलरी, इथे बिनस्वाराचा काळा घोडा दिसेल, थांबू नका. पुढे डावीकडे म्युझियमचा मोठा घुमट. मग रीगल सिनेमाचा चौक, मधे कारंजं. इथे डावीकडचा रस्ता धरा. फुटपाथवर दोन्हीकडे कपड्यांचे, दागिन्यांचे स्टॉल लागले तर तुम्ही सरळ कुलाब्यात गेलात, घाबरू नका, डावीकडच्या कुठल्याही मोठ्या गल्लीने समुद्र येईल. शिवाजी महाराजांचा पुतळा आणि समोर गेटवे, पोचलात."

काका खरंच स्टॉलच्या रस्त्याने गेले, रीगलला पाऊस वाढला म्हणून सरळ छपराखाली शिरले होते. पण या वेळी फोन आला नाही. डायरीतली ओळ वाचून डावीकडच्या गल्लीत वळले, ताजच्या बाजूने समुद्रावर आले आणि तिथून फोन केला, "पोचलो रे, महाराज दिसून राहिले."