'1101 ने संपणारी स्ट्रिंग' : डीएफए काढताना या चुका टाळा

टीओसीच्या वह्या तपासायला घेतल्या की हा प्रश्न हमखास समोर येतो: 0 आणि 1 च्या ज्या स्ट्रिंग 1101 ने संपतात तेवढ्याच स्वीकारणारा डीएफए काढा. सांगलीत विश्रामबागेत माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येणारी पोरं पाच गोल रांगेत काढतात, q0 ते q4, मधल्या बाणांवर 1, 1, 0, 1 लिहितात आणि शेवटच्या गोलाला दुहेरी कडा देतात. इथवर कुणाचंच चुकत नाही. चुकतात ते मागे वळणारे बाण.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे नको ते अक्षर आलं की बाण डोळे झाकून q0 ला नेणं. पेठ नाक्यावर एसटी चुकली म्हणून सांगलीला निघालेला माणूस परत साताऱ्याच्या स्टँडवर जात नाही. जिथवर आलाय तिथूनच पुढची गाडी बघतो. डीएफएचंही तसंच आहे. स्टेट म्हणजे नुसता गोल नव्हे, तर आतापर्यंत वाचलेल्या स्ट्रिंगच्या शेपटीला 1101 चा सुरुवातीचा किती भाग जुळलाय, याची नोंद. म्हणून मी प्रत्येक गोलाखाली ते पेन्सिलीने लिहायला लावतो: q0 खाली काही नाही, q1 खाली 1, q2 खाली 11, q3 खाली 110 आणि q4 खाली 1101.

एवढं लिहिलं की बाण शोधायची रीत सोपी आहे. गोलाखालच्या अक्षरांना नवं अक्षर जोडायचं. मग पुढून एकेक अक्षर खोडत जायचं आणि उरलेला तुकडा 1101 ची सुरुवात झाला की थांबायचं. q2 वर 1 आला तर 111 होतं. ही 1101 ची सुरुवात नाही. एक खोडलं की 11 उरतं, ती आहे. म्हणजे q2 वर 1 चा बाण q2 लाच परततो.

खरी मेख q4 वर आहे. तिथे 1 आला की 11011 होतं. खोडत जा: 1011 नाही, 011 नाही, 11 चालतं. म्हणून बाण q2 ला. बरीच पोरं इथे q1 ला जातात. परवाच एक जण म्हणाला, "सर, एक 1 आलाय, म्हणजे q1 च की!" त्याला 1101101 चालवून बघायला सांगितलं. पहिल्या चार अक्षरांत तो q4 ला पोचला, पुढच्या 1 ने q1 ला, 0 ने q0 ला आणि शेवटच्या 1 ने पुन्हा q1 ला. स्ट्रिंग तर डोळ्यांदेखत 1101 ने संपत होती. जुन्या 1101 मधला शेवटचा 1 नव्या 1101 चा पहिला 1 झाला होता, आणि त्याच्या बाणाने तोच विसरला होता.

q4 वर 0 आला तर मात्र 11010 मधून काहीच हाती लागत नाही, तिथे q0 बरोबर आहे. पूर्ण टेबल असं:

```
        0    1
q0      q0   q1
q1      q0   q2
q2      q3   q2
q3      q0   q4
q4*     q0   q2
```

दुसरी चूक q4 वर '0,1' चा लूप काढण्याची. तो लूप 'स्ट्रिंगमध्ये 1101 कुठेतरी आहे' या प्रश्नाचा. 'ने संपणारी' म्हटल्यावर फायनल स्टेटमधून बाहेर पडता आलंच पाहिजे. 11010 चालवून बघा. स्वीकारली गेली तर तुम्ही वेगळाच प्रश्न सोडवलाय.

काही वह्यांत q0 वर 0 आणि 1 दोन्हींचा लूप असतो, शिवाय 1 चा बाण q1 ला, आणि q4 मधून एकही बाण निघत नाही. हे उत्तर खोटं नाही, पण हा एनएफए झाला. बहुतेक वेळा नोट्सच्या मागच्या पानावरून उतरलेला असतो. डीएफए मागितला असेल तर बाण मोजा: प्रत्येक गोलातून 0 चा एक आणि 1 चा एक, पाच गोलांचे मिळून 10. एकाच बाणावर '0,1' लिहिलं असेल तर तो दोन धरायचा.

आकृती झाली की 11101, 1101101 आणि 11010 या तीन स्ट्रिंग बोट ठेवून चालवा. पहिल्या दोन q4 ला संपायला हव्यात, तिसरी q0 ला. पहिली फसली तर आधी q2 वरचा लूप तपासा, दुसरी फसली तर q4 वरून निघणारा 1 चा बाण.

पॅटर्न बदलला की स्ट्रिंगही बदलाव्या लागतात. 1010 असेल तर q4 वर 1 आल्यावर 10101 मधून 101 उरतं, म्हणजे बाण थेट q3 ला जातो. तिथे 101010 चालवा.