डिशवॉशरमध्ये गोळी तशीच राहते? गोळी बदलण्याआधी दाराजवळचा पॅन पाहा

नागपुरात मी घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करतो. डिशवॉशरसाठी बोलावणं आलं की एक तक्रार हमखास ऐकू येते: "दादा, गोळी विरघळूनच नाही राहिली." मी पोचेपर्यंत बहुतेक घरांनी साबणाच्या गोळीची कंपनी बदललेली असते, कुणी गोळीचे दोन तुकडे करून पाहिलेले असतात, तर कुणी ती दारातल्या साबणाच्या डबीत न ठेवता थेट खाली टाकायला सुरुवात केलेली असते. आणि यंत्र मात्र बऱ्याचदा ठणठणीत असतं. फक्त डबीच्या झाकणासमोर एखादं भांडं आडवं आलेलं असतं.

यात लोकांचा दोष नाही, कारण दार लावल्यावर आत काय होतं ते कुणालाच दिसत नाही. म्हणून आधी ते सांगतो.

गोळी ठेवून झाकण दाबलं की ते एका खटक्यात अडकून बसतं. सुरुवातीला यंत्र साध्या पाण्याने भांडी ओली करून वरवरचं खरकटं काढतं, तेव्हा झाकण बंदच असतं. ते पाणी बाहेर गेलं, मुख्य धुण्याचं पाणी भरलं की यंत्र तो खटका सोडतं. यंत्राचं काम इथेच संपतं. पुढे झाकण उघडायचं ते आतल्या छोट्या स्प्रिंगच्या जोरावर. ही स्प्रिंग एवढीशी असते. झाकणाला कढईचा काठ किंवा पॅनची दांडी टेकलेली असेल तर ती बिचारी काय ढकलणार? झाकण जेमतेम फट पडेल इतकंच हलतं आणि थांबतं. बहुतेक घरगुती यंत्रांना झाकण पूर्ण उघडलं की नाही हे कळण्याची सोयच नसते, त्यामुळे कुठलाही दिवा लागत नाही, शिट्टी वाजत नाही. प्रोग्राम शेवटपर्यंत चालतो आणि भांडी नुसत्या गरम पाण्याने धुतली जातात.

धिरड्याच्या दिवशीच का?

प्रतापनगरच्या एका घरची गोष्ट सांगतो. काकूंचं म्हणणं होतं की आठवड्यातून दोन-तीनदाच गोळी राहते, बाकी दिवस सगळं छान. यंत्राचा भाग बिघडलेला असता तर त्याने असे वार सहसा पाळले नसते. मी विचारलं, "काकू, गोळी राहिली त्या दिवशी वेगळं काय शिजवलं होतं?" त्या आठवू लागल्या, तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, "आई, धिरडी केली की होते नं ते!"

धिरड्याचा त्यांचा पॅन सुमारे 28 सेंटीमीटरचा, लांब दांडीचा. डिशवॉशरमध्ये चालतो असं त्याच्यावर लिहिलेलं होतं, त्यामुळे तो रोज नाही तरी धिरड्याच्या दिवशी आत जायचा. खालच्या रॅकमध्ये मागे कुकर आणि ताटं लागलेली, म्हणून शेवटी उरलेल्या जागेत, म्हणजे अगदी पुढे, दाराला पाठ करून पॅन उभा राहायचा. रॅक उघडा असताना तो व्यवस्थित दिसायचा. पण दार वर उचललं की दाराच्या मध्यावरची डबी बरोबर त्याच्या काठासमोर यायची.

त्या दिवशीचं यंत्र अजून तसंच भरलेलं होतं, म्हणून मी डबी जवळून पाहिली. झाकण बंद असल्यासारखं दिसत होतं. बोटाने हलकेच दाबलं, तर 'टक' असा आवाज होऊन ते अडकलं. याचा अर्थ खटका आधीच सुटला होता. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. झाकण उघडून गोळी बाहेर काढली. फटीच्या बाजूचा तिचा कोपरा ओला आणि मऊ झालेला, उरलेली जवळपास अख्खी. आणि झाकणाच्या प्लास्टिकवर, नेमकी पॅनच्या काठाच्या उंचीला, एक बारीक करडी रेघ उमटलेली. वारंवार घासण्याने पडलेली ती खूण पाहिल्यावर मला पेचकस काढायची गरजच उरली नाही.

हा 'टक'चा प्रयोग तुम्हीही करा, फक्त भांडी काढण्याआधी आणि झाकणाला दुसरं काही करण्याआधी. दाबल्यावर टक वाजलं तर खटका सुटला होता आणि झाकण कशाने तरी अडलं होतं. टक वाजलंच नाही, झाकण आधीपासूनच घट्ट बंद असेल, तर खटका सुटलाच नाही. ती वेगळी गोष्ट, तिच्याकडे शेवटी येतो. आणि झाकण पूर्ण उघडं आहे, तरी गोळी अर्धवट झिजून डबीत चिकटलेली आहे, असं दिसलं तर झाकण सुटलं पण पाणी तिथवर पोचलं नाही. यामागेही बऱ्याचदा तोच पॅन असतो. तो झाकणाला टेकत नाही, पण तळाशी फिरणाऱ्या पंख्याचे पाण्याचे फवारे आणि डबी यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहतो.

कणकेची गोळी लावून बघा

दार बंद झाल्यावर पॅन कुठे येतो हे कळायला मी एक साधी युक्ती वापरतो. डबी रिकामी ठेवून झाकण पूर्ण उघडा आणि ते दाराच्या पृष्ठभागापासून किती पुढे येतं ते बोटांनी मोजा. चार बोटं येत असेल तर चार. झाकण परत लावा. मग घट्ट मळलेल्या कणकेचा तेवढ्याच उंचीचा शंकू करून झाकणावर दाबून चिकटवा. नेहमीसारखी भांडी भरा, रॅक आत सरकवा, दार हळूच पूर्ण लावा आणि लगेच उघडा. यंत्र सुरू करायचं नाही. कणकेचं टोक चेपलं असेल किंवा त्यावर काठाचा ठसा उमटला असेल, तर झाकणाच्या वाटेत भांडं आहे. ठसा डावीकडे आहे की वर, यावरून कुठलं भांडं हलवायचं तेही समजतं. कणीक काढून झाकण पुसून कोरडं करायला विसरू नका. काही यंत्रांत झाकण पुढे न येता बाजूला सरकतं. तिथे चार बोटं जागा लागत नाही, पण भांडं टेकायला मात्र नको, म्हणून शंकूऐवजी पातळ पापडी चिकटवा.

प्रतापनगरला कणकेवर पॅनच्या काठाची अर्धचंद्रासारखी खूण स्पष्ट उमटली. आम्ही पॅन मागच्या कोपऱ्यात, तोंड मध्याकडे आणि थोडं खाली झुकवून ठेवला, दांडी बाजूच्या भिंतीकडे वळवली. कुकर मधोमध पालथा घातला. पुढे, डबीच्या समोर, वाट्या आणि लहान ताटल्या आल्या. मग खालचा पंखा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहिला. हे रोज करावं, कारण दांडी खाली लोंबत असेल तर पंखाच अडतो आणि मग कुठल्याच भांड्याला पाणी नीट लागत नाही. पुन्हा कणीक लावली, दार लावलं, टोक जसंच्या तसं राहिलं.

परात, मोठं ताट, ट्रे, भाजी चिरायचा फळा, असं जे जे रुंद आणि चपटं आहे त्याची जागा कडेला किंवा मागे. सावजी रस्सा झाल्यावर मोठं पातेलं आणि पॅन दोन्ही एकाच वेळी कोंबायचा मोह होतो, पण अशा वेळी एक हाताने घासलेलं बरं. वरच्या रॅककडेही लक्ष असू द्या. झारा किंवा उलथनं जाळीतून खाली लोंबलं तर तेही झाकण अडवतं, आणि वरचा रॅक खालच्या खाचेत उतरवला असेल तर त्याच्या पुढच्या वाट्यांची तीच गत होते. काही यंत्रांत डबीतली गोळी वरच्या रॅकच्या पुढच्या छोट्या पेटीत पडते. त्या पेटीत चमचे ठेवू नका.

गोळी शेवटी सुटली तर

याहून त्रासदायक प्रकार म्हणजे पॅन धुताना किंचित सरकतो आणि गोळी अगदी शेवटच्या पाण्यात खाली पडते. तेव्हा डबी रिकामी दिसते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं, पण तळाच्या जाळीपाशी पांढरा लगदा सापडतो आणि भांडी हाताला बुळबुळीत लागतात. हा साबण तीव्र क्षारीय असतो. अशी भांडी नुसती पुसून मांडणीवर लावू नका. जाळीवरचा लगदा काढा आणि रिन्सचा छोटा प्रोग्राम लावा किंवा नळाखाली धुऊन घ्या. लगदा काढताना हातमोजे घाला, तोच हात डोळ्याला लावू नका, आणि मुलं जवळ असतील तर त्यांना दूर ठेवा.

बाहेरच्या ले-आउटमधल्या बोअरवेलवाल्या घरांत इथे एक गफलत होते. जड पाण्याचा पांढरा थरही भांड्यांवर असाच दिसतो. फरक असा की साबणाचा थर साध्या पाण्याने निघतो; पाण्याचा थर पाण्याने निघत नाही, त्यावर लिंबू चोळलं तर निघतो. लिंबाने निघाला तर पॅन हलवून उपयोग नाही, डिशवॉशरचं मीठ आणि यंत्रातली पाण्याच्या जडपणाची सेटिंग तपासायला हवी.

गोळी डबीत न ठेवता थेट तळाशी टाकायचा उपाय मी कुणालाच सांगत नाही. पहिल्या पाण्यातच ती बरीचशी विरघळते आणि ते पाणी बाहेर जातं. मुख्य धुण्याला साबण फारसा उरत नाही. अर्धा-पाऊण तासाच्या झटपट प्रोग्राममध्ये मात्र गोळी झाकण उघडूनही बऱ्याचदा पूर्ण विरघळत नाही, तिथे पावडर घ्या. आणि डबी ओली असताना, विशेषतः पावसाळ्यात ओल्या हाताने, गोळी ठेवली तर तिचं वेष्टन आतच चिकटतं. अर्धवट राहिलेली गोळी त्याच कारणाने पुन्हा वापरू नये.

आता ती शेवटची गोष्ट. समोर एकही भांडं नाही, मुख्य धुण्याचा प्रोग्राम पूर्ण झाला, मध्येच वीज गेली नाही, आणि तरीही झाकण घट्ट बंदच आहे. तेव्हा आधी झाकणाच्या कडेला आणि खटक्यात वाळलेला साबण साचलाय का ते पाहा; कोमट पाण्यात भिजवलेल्या जुन्या टूथब्रशने तो निघतो. त्यानंतर हाताने खटका सोडून पाहा. झाकण झटक्यात पूर्ण उघडायला हवं. ते सुस्तपणे अर्ध्यात थांबलं तर स्प्रिंग किंवा बिजागरी गेली. हाताने छान उघडतं पण धुताना उघडत नाही, तर खटका सोडणारा विजेचा भाग किंवा त्याची तार बघावी लागेल. तो दाराच्या आत असतो, त्यासाठी दार खोलावं लागतं, आणि ते काम मेकॅनिकलाच करू द्या. त्याला फोनवरच सांगा की रिकाम्या यंत्रातही झाकण उघडत नाही. म्हणजे तो योग्य तो भाग सोबत घेऊनच येईल.