‘टू हॅपी टू जॉइन’ लिहिताय? ही चूक टाळा

रत्नागिरीतल्या एखाद्या मुलीला नोकरीचं ऑफर लेटर येतं आणि ती आनंदाने उत्तर पाठवते: ‘आय ॲम टू हॅपी टू जॉइन.’ तिला म्हणायचं असतं, ‘मला खूप आनंद झालाय.’ पण इंग्रजीत या वाक्याचा अर्थ होतो, ‘मला इतका आनंद झालाय की मी रुजू होऊ शकत नाही.’ दोन ओ असलेला ‘टू’ म्हणजे खूप नव्हे, तर हवं त्यापेक्षा जास्त. त्याच्या मागोमाग ‘टू जॉइन’सारखं क्रियापद आलं की त्यात नकार दडलेला असतो. ‘टू टायर्ड टू वॉक’ म्हणजे चालवणारच नाही इतका दमलेला.

आपण बोलताना ‘खूप आवडलं’ही म्हणतो आणि ‘खूप तिखट झालंय, खाववत नाही’ही म्हणतो. दोन्हीकडे एकच ‘खूप’ चालतं, गोंधळ होतो तो इथे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘व्हेरी’ आणि दुसऱ्यासाठी ‘टू’.

नोकरीच्या उत्तरातली चूक निभावून जाते, कारण मुलगी येणार हे समोरच्याला कळतं. मला जास्त काळजी वाटते ती व्यवहारातल्या निरोपांची. देवगडच्या बागायतदाराला परदेशातला ग्राहक विचारतो, फळ तयार आहे का? फळ चौदा आणे तयार आहे, अजून कडक आहे, पेटीत घालायला अगदी योग्य. तो लिहितो, ‘द फ्रूट इज टू मॅच्युअर.’ ग्राहक वाचतो, फळ प्रमाणाबाहेर तयार झालंय, वाटेतच पिकून मऊ पडेल. वाक्य व्याकरणात बरोबर आहे, त्यामुळे स्पेलचेक ते पकडत नाही, आणि अर्थही लागतो, त्यामुळे ग्राहकही पुन्हा विचारत नाही. तो ऑर्डर थांबवतो. इथे ‘द फ्रूट इज मॅच्युअर अँड स्टिल फर्म’ एवढं पुरेसं होतं. ‘अवर रेट इज टू लो’ हेही तसंच: दर परवडत नाही, अशी ती तक्रार वाटते.

निरोप पाठवण्याआधी प्रत्येक ‘टू’पाशी थांबा आणि मराठीत ‘इतकं की… जमत नाही’ असं जोडून बघा. ‘द बॉक्स इज टू हेवी’: इतकी जड की उचलवत नाही. अर्थ जुळला, ‘टू’ राहू द्या. ‘आय ॲम टू हॅपी’: इतका आनंद की जमत नाही? जुळत नाही, म्हणजे ‘व्हेरी’ हवं. ऑफरच्या उत्तरात मी तर ‘व्हेरी’ही गाळीन. ‘आय ॲम हॅपी टू ॲक्सेप्ट द ऑफर’ हे स्वच्छ वाक्य आहे.

काही ठिकाणी मात्र ही कसोटी लागू पडत नाही. ‘ओन्ली टू हॅपी टू हेल्प’ म्हणजे मदत करायला अगदी आनंदाने तयार. तिथे ‘ओन्ली’ आल्यामुळे नकार उरत नाही. ‘नॉट टू शुअर’ म्हणजे फारशी खात्री नाही. आणि वाक्याच्या शेवटी येणारा ‘टू’ म्हणजे ‘सुद्धा’, जसं ‘माय ब्रदर इज जॉइनिंग टू’.