हेलसिंकीला निघालाय? अंधार-उजेडाच्या बाबतीत या चुका टाळा

कोल्हापुरात वर्षातला सगळ्यात लहान दिवस जवळपास अकरा तासांचा आणि सगळ्यात मोठा तेरा तासांच्या थोडा पुढं, त्यामुळं दिवस लहानमोठा होतो हे आपल्याला कॅलेंडरवरच कळतं, अंगाला कधी जाणवत नाही. फिनलंडची राजधानी हेलसिंकी साठ अंश उत्तर अक्षांशाच्या वर आहे. तिथं डिसेंबरमध्ये सूर्य सकाळी साडेनऊच्या जरा आधी उगवतो आणि दुपारी सव्वातीनला मावळतो, आणि जूनमध्ये चारच्या आधी उगवून रात्री पावणेअकराच्या पुढं बुडतो. म्हणजे पावणेसहा-सहा तासांचा दिवस आणि एकोणीस तासांचा दिवस, एकाच वर्षात, एकाच खिडकीतून.

आणि नुसते तास बघू नका, सूर्य किती वर येतो ते बघा. डिसेंबरात भर दुपारी तो क्षितिजाच्या वर सहा-साडेसहा अंश येतो, तेवढाच. समोर पाच मजली बिल्डिंग असली तर दिसतसुद्धा नाही. आपल्याकडं त्याच दिवशी बाराच्या सुमाराला तो पन्नास अंशावर असतो. आणि गंमत बघा, हेलसिंकीचा जूनमधला दुपारचा सूर्य जेमतेम त्रेपन्न अंशापर्यंत चढतो, म्हणजे त्यांच्या भर उन्हाळ्यातला सूर्य आणि आपला थंडीतला सूर्य जवळपास एकाच उंचीवर.

मी तिथं काही वर्षं काढून आता परत राजारामपुरीत आहे, आणि दर वर्षी जून-जुलैला कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी तिकडं निघाली की विचारायला येतात, थर्मल किती घ्यायचे, कुकर न्यायचा का, चटणी किती चालते. थंडीचं कपड्यांनी निभतं हो. त्रास होतो तो उजेडाचा, आणि त्याबद्दल कुणीच काही विचारत नाही म्हणून हे लिहितोय.

लॅम्प घेतला पण लावला रात्री

सगळ्यात जास्त होणारी चूक ही, म्हणून हिच्यावरच जास्त लिहितो. माझ्या मावसबहिणीचं उदाहरण सांगतो, तिला विचारूनच. ऑगस्टमध्ये मास्टर्सला गेली, तेव्हा मस्त उजेड होता. सप्टेंबरच्या शेवटापासून तिथं दिवस रोज पाच-साडेपाच मिनिटांनी आखडतो, आठवड्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त. नोव्हेंबर आला, बर्फ अजून नाही, ढग रोजचे, रस्ते ओले नि काळे. तिची झोप हळूहळू पुढं सरकत रात्री अडीचवर गेली आणि जाग साडेदहाला. लेक्चर बुडायला लागली. कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं दिवसासारखा जोरदार उजेड देणारा लॅम्प घेतला, तिथं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो, आणि अभ्यासाच्या टेबलावर ठेवून रात्री आठ ते दहा लावायला लागली, कारण अंधार तेव्हाच जास्त वाटायचा. झोप तीनच्या पुढं गेली.

असं का होतं? आपल्या शरीराचं एक आतलं घड्याळ आहे आणि ते डोळ्यात शिरणाऱ्या उजेडावर सेट होतं. तुम्ही ज्या वेळेला आपोआप जागे होता, त्याच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्या टप्प्यानंतर उजेड मिळाला तर घड्याळ अलीकडं सरकतं, म्हणजे झोप लवकर लागते. त्याच्या आधीच्या तासांत, म्हणजे संध्याकाळी आणि रात्री, जोरदार उजेड मिळाला तर घड्याळ पुढं ढकललं जातं. तिनं नेमकं हेच केलेलं.

आता यात एक खाच आहे जी फार कमी लोक सांगतात. मग तिनं ठरवलं की उद्यापासून साडेसहाचा गजर आणि लगेच लॅम्प. मी नको म्हटलं. साडेदहाला आपोआप जागं होणाऱ्या माणसाचा तो खालचा टप्पा सकाळी आठच्या आसपास असतो, त्यामुळं साडेसहाचा उजेड तिच्या शरीरासाठी अजून रात्रीचाच उजेड, उलटाच परिणाम. म्हणून आम्ही सुरुवात साडेदहालाच केली. उठल्या उठल्या अर्धा तास लॅम्प, समोर चहा नि पोहे. दोन दिवस साडेदहा, पुढचे दोन दिवस दहा, मग साडेनऊ, असं दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडं घेत बारा-तेरा दिवसांत साडेसातवर आलो. रात्री नऊनंतर छताचा पांढरा दिवा बंद, कोपऱ्यातला पिवळा छोटा दिवा चालू, मोबाईलचा ब्राइटनेस एकदम कमी. त्या दोन आठवड्यांत शनिवार-रविवारची सूट नाही, कारण दोन दिवस अकरापर्यंत लोळलं की आठवड्याची मेहनत गेली. तालमीतली पोरं श्रावण असो की माघ, ठरल्या वेळेला आखाड्यात उतरतात, तसं इथं उठण्याच्या वेळेचं आहे. झोपायची वेळ एखाद दिवशी इकडंतिकडं झाली तर चालते, उठायची नाही.

लॅम्पचं अंतरही बघा. बॉक्सवर दहा हजार लक्स असं उजेडाचं माप लिहिलेलं असतं पण ते किती सेंटिमीटरवरून ते बारीक अक्षरात असतं, बऱ्याचदा वीस-तीस सेंटिमीटर. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवला की त्यातला थोडासाच डोळ्यापर्यंत येतो आणि मग लोक म्हणतात लॅम्पचा उपयोग नाही. त्याच्याकडं टक लावून बघायचं नाही, जरा बाजूला ठेवून आपलं खाणं-वाचणं चालू ठेवायचं, डोळे मात्र उघडे हवेत. डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल, उजेडानं त्रास होणारी औषधं चालू असतील, किंवा बायपोलर या मानसिक आजाराचा इतिहास असेल तर आधी डॉक्टर, मग लॅम्प. बायपोलरमध्ये सकाळचा जोरदार उजेड माणसाला उदासीच्या उलट, अति-उत्साहाच्या टोकाला नेऊ शकतो.

ढगच आहेत, बाहेर जाऊन काय करू

खोलीतला दिवा डोळ्याला पुरेसा वाटतो पण तो असतो शंभर ते तीनशे लक्सचा. बाहेर डिसेंबरातल्या ढगाळ दुपारीसुद्धा याच्या कितीतरी पट उजेड असतो, डोळा जुळवून घेतो म्हणून आपल्याला फरक कळत नाही एवढंच. त्यामुळं बारा ते एकच्या मध्ये अर्धा तास बाहेर पडायचंच. जेवणाचा डबा आत खायचा, मग चक्कर मारायची. चारनंतर रंकाळ्यावर फिरायची आपली सवय तिथं हिवाळ्यात कामाची नाही, तोवर मिट्ट काळोख. अंधारात जाणार असाल तर जाकिटाला चमकणारा रिफ्लेक्टर लटकवा.

जेवणाची पण गडबड होते. आपल्याकडं दिवस बुडाला की देवापुढं दिवा आणि मग जेवणाची तयारी, हे अंगात मुरलेलं असतं. तिथं सव्वातीनला दिवस बुडतो, पाचला भूक लागल्यासारखं वाटतं, साडेपाचला जेवण, आणि मग अकराला परत मॅगी. बाहेरच्या अंधारावर जेवू नका, घड्याळावर जेवा.

महिन्याची व्हिटॅमिन डीची पाकिटं घेऊन जाणं

इथल्या मेडिकलमधून साठ हजार युनिटची पाकिटं मूठभर घेऊन जातात आणि "उदास वाटलं की घे" असं घरचे सांगतात. हे दोन वेगळे विषय आहेत. तिकडच्या थंडीतल्या उन्हात कातडीत डी तयार होत नाही, आपल्या सावळ्या कातडीला तर एरवीही जास्त ऊन लागतं, म्हणून डी घ्यावंच, पण तिथला सरकारी सल्ला मोठ्या माणसाला थंडीत रोज दहा मायक्रोग्रॅमचा आहे, म्हणजे चारशे युनिट. साठ हजारवाली पाकिटं रक्त तपासून डॉक्टरनं ठरवल्याप्रमाणं घ्यायची असतात, मनानं रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, मूत्रपिंडाचा त्रास असलं होतं. आणि डी घेतलं म्हणून घड्याळ जागेवर येत नाही, ते काम उजेडाचं.

"तिकडं जाऊन आळशी झालास"

हे घरच्यांसाठी. उदासी म्हटलं की आपल्याला झोप उडालेला, जेवण टाकलेला माणूस डोळ्यासमोर येतो. थंडीतली उदासी बऱ्याचदा उलटी दिसते, दहा-अकरा तास झोप तरी थकवा, गोड आणि भात-ब्रेड सारखं खावंसं वाटणं, वजन वाढणं, मित्रांचे फोन न उचलणं. नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये याचं पहिलं नीट वर्णन केलं, तेव्हापासून हा ओळखीचा आजार आहे. व्हिडिओ कॉलवर पोरगं जाड दिसतंय, झोपतंय, म्हणजे मजेत आहे असं समजू नका. दोन आठवडे सलग मन लागत नाही, कशातच रस नाही, काम अडतंय असं असेल तर तिथल्या डॉक्टरकडं जायला सांगा, विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी वायटीएचएस नावाची वेगळी आरोग्यसेवा आहे. जगणं नको वाटतंय असं काही बोलला तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी मदत. फिनलंडमध्ये तातडीचा नंबर 112 आहे.

उन्हाळ्यात काय त्रास, असं समजणं

मे-जूनमध्ये सगळे खूश असतात आणि झोप पाच तासांवर आलेली कळत नाही. जूनच्या शेवटी सूर्य क्षितिजाखाली जेमतेम सहा-साडेसहा अंश जातो, म्हणजे मध्यरात्रीसुद्धा आपल्या तिन्हीसांजेएवढा उजेड. अंधार पडला की झोपू म्हणाल तर तो पडतच नाही. तिकडच्या खिडक्यांच्या दोन काचांमध्ये पट्ट्यांची ब्लाइंड असते, ती बंद केली की लोकांना वाटतं झालं काम, पण प्रत्येक पट्टीच्या फटीतून आणि कडेनं उजेड येतो आणि चारला डोळ्यावर पडतो. ब्लॅकआऊट पडदा घ्या, खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद, कडा वेल्क्रोनं भिंतीला चिकटवा. भाड्याच्या घरात ते करू देत नसतील तर डोळ्यांवरची पट्टी.

पडदा झोपताना ओढून उपयोग कमी, नऊलाच ओढा, कारण साडेनऊचं ऊन तोंडावर घेत बाल्कनीत बसलात तर शरीराला वाटतं अजून संध्याकाळच झाली नाही. उठण्याची वेळ हिवाळ्यातलीच ठेवा.

आणि फोनचं. थंडीत हेलसिंकी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ तासभर पुढं करतात, मग फरक अडीच तास, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत साडेतीन. थंडीत आईचा सकाळी सातचा फोन म्हणजे तिथं पहाटेचे साडेतीन. आपल्या रात्री नऊला करा, तिथं थंडीत साडेपाच नि उन्हाळ्यात साडेसहा झालेले असतात, पोरगं जागं असतं आणि जेवायच्या आधी निवांत बोलतं.