टर्नओव्हर ३०% म्हणून मॅनेजर संयमी? या चुका टाळा

"या म्युच्युअल फंडाचा टर्नओव्हर, म्हणजे वर्षभरातली शेअरची उलाढाल, फक्त ३०% आहे, म्हणजे मॅनेजर शेअर धरून ठेवणारा." हे ऐकलं की माझं डोकं उठतं. याच भरवशावर मी एका व्हॅल्यू फंडात पैसे टाकले होते. वर्षभराने पोर्टफोलिओ उघडला, तर स्वस्त, दुर्लक्षित कंपन्या कोपऱ्यात आणि वर सगळे चढ्या भावाचे, चर्चेतले शेअर.

फॅक्टशीट खोटं बोलत नव्हती. टर्नओव्हर काढताना वर्षभरातली खरेदी आणि विक्री यांपैकी जो आकडा लहान, तोच घेतात आणि त्याला सरासरी मालमत्तेने भागतात. माझ्या फंडात नवा पैसा धो धो येत होता. गोल आकड्यांत सांगतो. सुरुवातीला ७०० कोटी, शेवटी १,३०० कोटी, सरासरी १,००० कोटी. खरेदी ९०० कोटींची, विक्री ३०० कोटींची. टर्नओव्हर ३०%. पण भावातली चढउतार बाजूला ठेवली, तर जुन्या ७०० मधले उरले ४०० कोटी. म्हणजे जवळजवळ ७०% पोर्टफोलिओ नवा! शैली बदलली होती ती विकून नव्हे, नव्या पैशाने.

तेव्हापासून टर्नओव्हरच्या शेजारी मालमत्तेची वाढ पाहिल्याशिवाय मी मत बनवत नाही.

दुसरी चूक उलट्या दिशेची. मिडकॅप फंडात लार्जकॅप वाढले की लगेच "मॅनेजर भरकटला" अशी बोंब. अहो, ॲम्फी ही फंड कंपन्यांची संघटना लार्जकॅप-मिडकॅपची यादी दर सहा महिन्यांनी बदलते. बाजारमूल्यात १०१ ते २५० क्रमांकांतला शेअर वाढत वाढत पहिल्या शंभरात गेला, तर मॅनेजरने बोट न हलवता तो लार्जकॅप होतो. म्हणून टक्के पाहू नका, शेअरची संख्या पाहा. फंड कंपनीच्या साइटवरच्या मासिक एक्सेल फायलीत `Quantity` हा रकाना असतो. मी दर तिमाहीची एक फाइल जपून ठेवतो आणि पहिल्या वीस शेअरची संख्या शेजारी-शेजारी मांडतो. संख्या तीच आणि टक्के वाढलेले, तर ते काम भावाचं. संख्या वाढली, तर मॅनेजरचं. (बोनस किंवा स्प्लिट झालाय का, ते मात्र आधी बघा.) अर्ध्या तासाचं काम आहे, पण ॲपवरचे तारे मोजणाऱ्यांना तेवढाही धीर नसतो.

"सेबीच्या नियमात बसतंय ना?" हेही पुरेसं नाही. मिडकॅप फंडाला ६५% मिडकॅप ठेवावे लागतात. उरलेल्या ३५% मध्ये तेजीच्या काळात स्मॉलकॅप भरले, तरी नियम मोडत नाही.

रोख आणि वायदा बाजारातल्या भावफरकावर कमावणाऱ्या आर्बिट्राज फंडाचा टर्नओव्हर इक्विटी फंडाशी ताडू नका. तिथे दर महिन्याला सौदे पुढे ढकलणं हाच धंदा.

आणि मॅनेजर नुकताच बदलला असेल, तर पहिल्या काही महिन्यांचा टर्नओव्हर ही घरातली साफसफाई समजा. तिथे मी नव्या पोर्टफोलिओची एक फाइल ठेवतो आणि मोजणी तिच्यापासून सुरू करतो.